दहा कौशल्यं राहू द्या, एक गळती मोजा

जाहिरात निघालेली नसताना कंपनीला पत्र पाठवणं म्हणजे बंद दुकानाची कडी वाजवणं, असा उपदेश हल्ली पदविका अभियंत्यांच्या मार्गदर्शन वर्गांत ठणकावून केला जातो. त्याला दोन शेपट्याही जोडलेल्या असतात. पाठवायचंच असेल तर आपली सगळी कौशल्यं मांडा, म्हणजे कुठं ना कुठं जमेल. आणि कंपनीत अमुक सुधारणा मी करून देईन असं चुकूनही लिहू नका, कारण बाहेरच्या पोरानं आतल्यांना शिकवणं हा उद्धटपणा आहे. शिवाय तुमची कल्पना ते फुकटात वापरतील.

माझं बरंचसं नोकरीचं आयुष्य भोसरी-चाकण पट्ट्यात, कारखान्यांच्या देखभाल विभागात गेलं. अशी पत्रं ज्याच्या टेबलावर शेवटी येऊन पडतात त्या खुर्चीवरून मी बोलतो आहे, आणि त्या खुर्चीवरून पाहिलं तर हा उपदेश जवळपास पूर्ण उलटा आहे.

आधी ‘जाहिरात नाही म्हणजे जागा नाही’ हे घेऊ. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा. त्याखालच्या नियमांत २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या किमान अडीच टक्के, कमाल पंधरा टक्के. दोनशे माणसांच्या कारखान्यात ही संख्या पाच ते तीस होते. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहिरात देणारे कारखाने मी फार पाहिलेले नाहीत. कुणाच्या तरी ओळखीनं, कॉलेजला एक फोन करून, नाहीतर कंत्राटदाराला सांगून या जागा भरतात. म्हणजे जागा असते, फक्त ती कुणी ओरडून सांगत नाही. जाहिरातीची वाट पाहणारा तिथं पोचतच नाही.

आता ‘सगळी कौशल्यं मांडा’. या सल्ल्याच्या पुष्ट्यर्थ लिओनार्दो दा विंचीचं नाव घेण्याची एक फॅशन आहे. साधारण १४८२च्या सुमारास त्यानं मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला लिहिलेलं पत्र जगातला पहिला बायोडेटा म्हणून दाखवलं जातं: हलके पूल बांधीन, तोफा ओतीन, झाकलेले युद्धरथ करीन, अशी क्रमांक घातलेली यादी, आणि शांततेच्या काळातली वास्तुकला, शिल्प, चित्रकला अगदी शेवटी. बघा, म्हणे, लिओनार्दोनंसुद्धा यादीच दिली! पण ते पत्र ज्या रूपात उरलं आहे तो मसुदा आहे, त्यावर तारीख नाही, आणि अक्षरही त्याच्या हातचं नाही असं अभ्यासक मानतात. त्यामुळे यादीमुळे त्याला काम मिळालं असं सांगणाऱ्याकडे पुरावा काय, हे विचारायला हवं. शिवाय त्या मसुद्यात यादीबाहेरच्या दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. एक, लुदोविकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा करून देण्याची तयारी; म्हणजे त्या माणसाला हवं असलेलं एक ठरावीक काम. आणि दुसरी, यातलं काही अशक्य वाटत असेल तर तुम्ही म्हणाल तिथं प्रयोग करून दाखवतो, ही शेवटची ओळ. माझ्या मते त्या पत्रातला जीव या दोन वाक्यांत आहे.

आपल्याकडच्या यादीवाल्या पत्रात काय असतं ते मला पाठ आहे. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, पीएलसीची ओळख, एमएस ऑफिस, मेहनती, टीममध्ये काम करण्याची आवड. ते वाचून देखभाल प्रमुखाला काय करायचं ते कळत नाही. त्याच्यापुढे त्या सकाळी एक बंद पडलेली प्रेस आणि एक चिडलेला उत्पादन अधिकारी असतो. यादीतून काम शोधण्याची जबाबदारी उमेदवारानं त्याच्यावर टाकलेली असते, आणि तेवढी फुरसत त्याला नसते. पत्र मनुष्यबळ विभागाकडे जातं, तिथून फाइलमध्ये.

त्याऐवजी एकच काम घेऊन लिहायचं म्हणजे काय, हे हवेत बोलून उपयोग नाही. म्हणून खरोखर हवेचंच उदाहरण घेतो: कॉम्प्रेसरच्या हवेचं. बारा-पंधरा सीएनसी, एक शॉट ब्लास्टिंग, असेंब्लीत न्यूमॅटिक गन, असा एखादा मध्यम आकाराचा मशीनिंग कारखाना डोळ्यांसमोर आणा. अशा ठिकाणी बहुधा ३७ किलोवॉटचा एखादा स्क्रू कॉम्प्रेसर असतो, सव्वादोनशे सीएफएमच्या आसपासचा. सात किलो प्रेशरला तीन मिलिमीटरच्या एका भोकातून इतकी हवा जाते की ती पुन्हा भरायला तीन-चार किलोवॉट लागतात. ते भोक कुणाला दिसत नाही, तेल गळतं तसा खाली डाग पडत नाही, आणि पाळी चालू असताना फुसफुस ऐकूही येत नाही. म्हणून गळती वर्षानुवर्षं टिकते. देखरेख नसलेल्या कारखान्यात ती वीस-तीस टक्क्यांपर्यंत जाणं मुळीच नवल नाही. नीट सांभाळलेल्या ठिकाणी दहाच्या आत राहते.

या कामाचा मोठा गुण असा की ते मोजायला उपकरण लागत नाही, घड्याळ पुरतं. यंत्रं बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. कुणी हवा वापरत नसेल तर जी हवा भरावी लागते ती सगळी गळतीची. कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर राहतो आणि किती वेळ अनलोड, हे चार-पाच फेऱ्यांत टिपायचं. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, ही झाली गळती. समजा लोड १०८ सेकंद आणि अनलोड २५२ सेकंद निघाले, तर ३६० पैकी १०८, म्हणजे तीस टक्के. आमच्या पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा हे अर्ध्या-पाऊण तासात होतं.

पण इथंच अर्धवट माहितीचा उमेदवार घसरतो. पुष्कळ जण चाचणीच्या आधी प्रत्येक यंत्राचा हवेचा व्हॉल्व्ह बंद करतात आणि फक्त मुख्य लाइन मोजतात. बहुतेक गळती तर त्या व्हॉल्व्हच्या पुढे असते: क्विक कपलिंग, होज क्लिप, एफआरएलचा बाउल, तिरपी कापलेली पीयू ट्यूब, अर्धवट उघडा राहिलेला ड्रेन. म्हणून चाचणी दोनदा करायची. पहिल्यांदा यंत्रांची वीज बंद पण हवेचे व्हॉल्व्ह उघडे, दुसऱ्यांदा व्हॉल्व्हही बंद. दोन आकड्यांतला फरक यंत्रांमधली गळती सांगतो, उरलेला लाइनमधली. काही सीएनसींच्या स्पिंडलला वीज बंद असतानाही हवा चालू राहते. ती यंत्रं पहिल्या चाचणीतही वेगळी बंद करून तशी नोंद ठेवायची, नाहीतर कामाची हवा गळतीत धरली जाते.

दुसरी घसरण पैशाच्या आकड्यात. लोडवर कॉम्प्रेसर ४० किलोवॉट घेतो, गळती तीस टक्के, म्हणजे १२ किलोवॉट वाया; दोन पाळ्या, वर्षाला ४८०० तास, युनिटला सरासरी नऊ रुपये; बचत पाच लाख अठरा हजार! हा हिशेब ऐकायला झकास आहे आणि चुकीचा आहे. लोडवरून उतरलेला स्क्रू कॉम्प्रेसर थांबत नाही, तो अनलोडवर फिरत राहतो आणि तेव्हाही सुमारे १२ किलोवॉट खातो. म्हणजे लोडचा वेळ कमी केल्यानं जे वाचतं ते ४० नव्हे, ४० वजा १२, म्हणजे २८च्या हिशेबानं. आणि गळती शून्यावर कधीच येत नाही. तीसवरून दहावर आणली तर वीस टक्के सुधारणा. २८चे वीस टक्के म्हणजे ५.६ किलोवॉट, ४८०० तासांत सुमारे २७ हजार युनिट, रुपयांत दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास. पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

हा दुसरा आकडा पत्रात दिसला की माझ्यासारखा माणूस खुर्चीत सरसावून बसतो. पाच लाखांचा आकडा घेऊन येणारे विक्रेते महिन्याला दारात असतात. अनलोडची वीज वजा करून, गळती शून्यावर येणार नाही हे धरून, दोन लाख चाळीस हजार लिहिणारा मुलगा कॉम्प्रेसर रूममध्ये उभा राहिलेला आहे हे लगेच कळतं. यादीतली दहा कौशल्यं जे पटवू शकत नाहीत ते हे एक वजाबाकीचं गणित पटवतं.

मग पत्र कसं व्हावं? मी असं लिहिलेलं पसंत करीन:

“मा. देखभाल विभागप्रमुख यांस,

आपल्याकडे सध्या जागा जाहीर झालेली नाही, याची मला कल्पना आहे. मी एका ठरावीक कामाबद्दल लिहीत आहे.

फेब्रुवारीत आमच्या वर्गाला आपला कारखाना पाहता आला. जेवणाच्या सुट्टीत यंत्रे थांबलेली असताना कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने लोड घेत होता. स्पिंडलला सुट्टीतही हवा चालू राहू शकते, त्यामुळे एवढ्यावरून गळती आहे असे मी म्हणत नाही. गुरुवारी यंत्रे बंद असताना, एकदा त्यांचे हवेचे व्हॉल्व्ह उघडे ठेवून व एकदा बंद करून, लोड-अनलोडचा वेळ मोजला तर खरे काय ते कळेल. त्याला तास पुरेल.

गळती ३० टक्के निघाली आणि १० टक्क्यांवर आणता आली, तर ३७ किलोवॉटच्या कॉम्प्रेसरवर वर्षाला सुमारे २७ हजार युनिट वाचतील. यात लोडवर ४० व अनलोडवर १२ किलोवॉट आणि वर्षाला ४८०० तास मी गृहीत धरले आहेत. ते आपण दुरुस्त करावेत. गळती १० टक्क्यांच्या आत निघाली, तर माझ्या प्रस्तावाची आपल्याला गरज नाही.

गरज दिसली, तर शिकाऊ उमेदवार म्हणून हे काम करण्याची माझी तयारी आहे. हीच चाचणी आमच्या कार्यशाळेतल्या कॉम्प्रेसरवर केली होती. त्या नोंदींचे एक पान सोबत आहे. पुढच्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास फोन करीन.”

बस. एका पानात मावतं. ‘उद्धटपणा’चा आरोप करणाऱ्यांनी यातलं उद्धट वाक्य दाखवावं. ‘तुमच्याकडे गळती आहे’ असं यात कुठंही नाही; बाहेरच्या माणसाला ते माहीत असूच शकत नाही, आणि हा मुलगा ते कबूल करतो. उलट आपलाच प्रस्ताव कोणत्या आकड्याला बाद ठरेल तेही त्यानं लिहून दिलं आहे. उद्धट पत्र वेगळं असतं. ते कंपनीच्या मालकाला जातं, त्यात ‘आपल्या कारखान्यात विजेची प्रचंड नासाडी होत आहे’ असं असतं, आणि मालक ते पत्र देखभाल प्रमुखाच्या हातात देऊन विचारतो, काय हो, हे काय आहे? त्या क्षणी त्या मुलाची वाट कायमची बंद होते. ज्याच्या अखत्यारीत कॉम्प्रेसर आहे त्यालाच लिहायचं. त्याच्या डोक्यावरून गेलात तर तुमचं गणित बरोबर असूनही तुम्ही चूक ठरता.

आणखी एक पथ्य या उपदेशकांनी सांगायला हवं होतं, पण ते सांगत नाहीत. भेटीत जे पाहिलं ते त्याच कंपनीला लिहायचं. तेच निरीक्षण शेजारच्या स्पर्धकाला ‘अमक्यांकडे असं पाहिलं’ म्हणून कळवणाऱ्याला कुणी आत घेणार नाही, आणि घेऊही नये.

राहिली चोरीची भीती. कल्पना फुकटात वापरतील म्हणे! कोणती कल्पना? लोड-अनलोडची चाचणी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मार्गदर्शक पुस्तकात छापलेली आहे. ती ठाऊक नसलेला देखभाल प्रमुख विरळा. ठाऊक असूनही गुरुवारी ती करायला माणूस मोकळा नसतो, ही खरी अडचण. आणि चाचणी हा कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. त्यानंतर साबणाचं पाणी घेऊन, किंवा कारखान्याकडे असेल तर अल्ट्रासॉनिक डिटेक्टर घेऊन, एकेक जोड तपासायचा, गळक्या जागी टॅग लावायचा, यादी करायची, सुटे भाग मागवायचे, आणि उत्पादनवाल्यांच्या विनवण्या करून यंत्र वीस मिनिटं थांबवून घ्यायचं. शिवाय हे एकदा करून संपत नाही. ऑपरेटरनं घाईत पीयू ट्यूब कात्रीनं तिरपी कापून फिटिंगमध्ये कोंबली की आठवड्यात तिथं पुन्हा गळती. ट्यूब कटर प्रत्येक लाइनवर ठेवून तो वापरायला लावणं हे तीन महिन्यांचं चिकाटीचं काम आहे. ते पत्रातून चोरता येत नाही. समजा एखाद्यानं खरंच चाचणी स्वतः करून घेतली आणि मुलाला बोलावलं नाही, तसंही घडतं, तर त्याचं नुकसान किती? एक पान आणि एक फोन. ज्याच्याकडे एवढी एकच चाचणी विकायला आहे त्याला ही भीती मोठी वाटेल. पण त्याचा दोष पत्रावर टाकता येणार नाही.

या उपदेशाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करतो. हे पत्र सगळीकडे चालत नाही. पाच किलोवॉटचा कॉम्प्रेसर असलेल्या छोट्या युनिटला ते पाठवणं व्यर्थ आहे. तिथं वाचणाऱ्या पैशातून माणूस परवडत नाही. मोठ्या कारखान्यात तीन-चार कॉम्प्रेसर एका कंट्रोलरवर असतात, हवेचं मोजमाप मीटरनं होतं, आणि हे काम आधीच कुणाच्या तरी अंगावर असतं. व्हीएफडीवर चालणारा कॉम्प्रेसर असेल तर लोड-अनलोडची चाचणी लागूच पडत नाही, कारण तो हवा कमी लागली की वेग कमी करतो, लोड सोडत नाही. तिथं गळती त्याच्या वेगावरून किंवा विजेच्या वापरावरून काढावी लागते. आणि तिथं बचतीचं गणितही बदलतं, अनलोडचे १२ किलोवॉट तसे उरत नाहीत. पत्र लिहिण्याआधी कॉम्प्रेसर कोणत्या जातीचा आहे एवढं तरी माहीत हवं. भेटीत नेमप्लेट वाचायला कुणी मना करत नाही. पूर्वी त्या कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिलेल्या सीनियरला विचारलं तर तोही सांगेल. हे न कळता शंभर कंपन्यांना तेच पत्र छापून पाठवलं, तर ते पुन्हा यादीवालं पत्रच झालं, फक्त यादीत एक वस्तू आहे.

म्हणूनच ‘जितकी जास्त पत्रं तितकी जास्त संधी’ हा हिशेबही मला पटत नाही. एका पत्रामागे एक भेट, एक नेमप्लेट, एक गणित असेल तर हंगामात अशी थोडीच पत्रं निघतील. त्यातली बरीच अनुत्तरित राहतील. बुधवारी फोन केल्यावर ‘साहेब शॉपवर आहेत’ हे उत्तर मिळेल, तेव्हा कधी करू एवढं विचारून ठेवावं, आणि दुसरं पत्र पाठवू नये.

समजा बोलावलं, गुरुवारी चाचणी झाली आणि गळती आठ टक्के निघाली. तर काय? तर पत्रात लिहिलं होतं त्याप्रमाणे, या कामाची गरज नाही असं स्पष्ट सांगावं. दोन्ही चाचण्यांच्या वेळा, बंद ठेवलेली यंत्रं आणि तारीख एका कागदावर लिहून तो साहेबांच्या हातात द्यावा. नेमप्लेटवरचं प्रेशर साडेसात असून लाइन सातवर चालते की साडेसातवर, एवढं जाता जाता विचारावं. एक किलो प्रेशर उतरवता आलं तर सहा-सात टक्के वीज वाचते, आणि कोणत्या यंत्राला खरंच किती प्रेशर लागतं हे पाहायला पुन्हा एक गुरुवार लागतो.